फिरणाऱ्या वस्तूचं गणित दर वेळी का अडतं: टॉर्क, ऊर्जा की कोनीय संवेग?

एकच गणित तिघांनी सोडवलं आणि तीन उत्तरं आली: ७४ अंश, ३१ अंश आणि २२ अंश. वह्या तपासल्या तर तिघांचीही आकडेमोड बरोबर. एकाने ऊर्जा वापरली होती, दुसरीने कोनीय संवेग, तिसऱ्याने साधा रेषीय संवेग. ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा येते की आता गणित ऐकायच्या आधीच मी विचारतो, "मधे काही आदळतंय का?"

गणित असं आहे. ३ किलो वस्तुमानाची, १ मीटर लांबीची एकसारखी दांडी वरच्या टोकाला बिजागरीने टांगली आहे आणि सरळ खाली लोंबते आहे. पाव किलोचा चिखलाचा गोळा सेकंदाला १० मीटर वेगाने आडवा येतो, दांडीच्या खालच्या टोकावर आदळतो आणि तिथेच चिकटतो. दांडी किती कोनातून वर जाईल? बिजागरीत घर्षण नाही, g = 9.8 धरा.

## बिघाड नेमका कुठे आहे

ज्याचं उत्तर ७४ अंश आलं त्याने सुरुवातीची गतिज ऊर्जा १२.५ ज्यूल काढली, ती सगळी उंचीत घातली आणि मोकळा झाला. चिखल दांडीवर आदळून चपटा होतो तेव्हा त्यात ऊर्जा खर्च होते, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. विचारल्याबरोबर त्याने स्वतःच सांगितलं. पण गणितात "किती उंच" हे शब्द दिसले की हात आपोआप ऊर्जेकडे जातो. "आदळतो" दिसलं की संवेगाकडे जातो, "दोरी" किंवा "कप्पी" दिसली की टॉर्ककडे. शब्द पाहून पद्धत निवडायची ही सवयच मूळ बिघाड आहे.

२२ अंशवाल्याची चूक जास्त शहाणी आहे. टक्कर आहे, तेव्हा ऊर्जा टिकणार नाही, संवेग टिकेल, असा त्याने विचार केला. तो बरोबरच म्हणावा लागेल, फक्त कोणता संवेग टिकतो हे त्याने पाहिलं नाही. बिजागरी त्याच्या आकृतीत होती, समीकरणात नव्हती.

माझ्या मते प्रश्न "काय काढायचंय" इथे सुरूच होऊ नये. आधी विचारावं: या गणितात कोणतं बल मला माहीत नाही, आणि कोणत्या पद्धतीत ते आपोआप गप्प बसेल? ऊर्जा, कोनीय संवेग आणि बल-टॉर्क या तिन्ही पद्धती शेवटी न्यूटनच्याच नियमांतून येतात, एकीत काही जास्तीचं भौतिकशास्त्र आहे असं नाही. त्यांच्यात फरक एवढाच की प्रत्येक पद्धत वेगळ्या बलांना वगळते.

ऊर्जेच्या पद्धतीत कार्य न करणारी बलं गळून पडतात. बिजागरीचं बल ज्या बिंदूवर लागतं तो बिंदू हलतच नाही, म्हणून कार्य शून्य. न घसरता गडगडणाऱ्या चेंडूवरच्या स्थितिक घर्षणाचंही तसंच, कारण टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो.

कोनीय संवेगाच्या पद्धतीत निवडलेल्या बिंदूतून जाणारी बलं गळून पडतात, कारण त्या बिंदूभोवती त्यांचा टॉर्क शून्य असतो. बल कितीही मोठं असो, कसंही बदलो, कार्य करो वा न करो, काही फरक पडत नाही. आणि बिंदू निवडणं आपल्या हातात असतं, हे या पद्धतीचं खरं बळ.

बल आणि टॉर्कच्या पद्धतीत काहीच गळत नाही. म्हणून ती लांबची वाट वाटते. पण बलच विचारलं असेल तर ज्या पद्धतीत ते बल गप्प बसतं ती काय कामाची?

## आधी तुकडे करा

वरच्या गणिताचे दोन तुकडे आहेत. टक्कर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या वेळात उरकते. नंतरचा झोका जवळजवळ अर्धा सेकंद चालतो. या दोन्हींना एकच पद्धत लावायचा हट्ट केला की ७४ अंश येतात.

टक्कर. इथे न माहीत असलेली बलं दोन: चिखल आणि दांडी यांच्यातलं, आणि बिजागरीचं. पहिलं अंतर्गत आहे, पण ते ऊर्जा खातं. म्हणून ऊर्जेची पद्धत बाद. दुसरं बाहेरचं आहे, म्हणून रेषीय संवेगही बाद. पण बिजागरीचं बल बिजागरीतूनच जातं. तेव्हा बिजागरीभोवतीचा कोनीय संवेग घेतला की दोन्ही गप्प. गुरुत्वाकर्षणाचं काय? दांडी उभी असताना त्याची रेषाही बिजागरीतूनच जाते.

```
आधी:   m v L = 0.25 × 10 × 1 = 2.5
नंतर:  I = M L²/3 + m L² = 1 + 0.25 = 1.25
ω = 2.5 / 1.25 = 2 rad/s
```

आता लगेच तपासणी. टक्करीनंतरची गतिज ऊर्जा ½ × 1.25 × 2² म्हणजे २.५ ज्यूल. आधी १२.५ होती. १० ज्यूल, म्हणजे ८० टक्के ऊर्जा, चिखल चेपण्यात आणि उष्णतेत गेली. हा आकडा पाहिला की ७४ अंशवाल्याला आपली चूक किती मोठी होती ते कळतं.

रेषीय संवेग मात्र तपासून बघाच. आधी तो २.५ होता. नंतर दांडीच्या मध्याचा वेग सेकंदाला १ मीटर आणि चिखलाचा २ मीटर, म्हणजे 3 × 1 + 0.25 × 2, एकूण ३.५. संवेग वाढला! पहिल्यांदा हे पाहणारा प्रत्येक जण आकडेमोड पुन्हा करतो. आकडेमोड बरोबर आहे. बिजागरीने दांडीला पुढच्या दिशेने, चिखल जात होता त्याच दिशेने, १ न्यूटन-सेकंद आवेग दिला. टक्कर सेकंदाच्या शंभराव्या भागात झाली असेल तर सरासरी १०० न्यूटन बल. दांडीच्या वजनाच्या तिपटीहून जास्त असलेलं हे बल २२ अंशवाल्याने शून्य धरलं होतं. बिजागरी पुढे का ढकलते, यावर शेवटी येतो.

झोका. आता काहीही चेपलं जात नाही, घासत नाही. बिजागरीचं बल दर क्षणी बदलतं, पण कार्य करत नाही. गुरुत्वाकर्षणाचा टॉर्क आता शून्य नाही, म्हणून कोनीय संवेग टिकत नाही. इथे ऊर्जाच.

```
2.5 = (M g L/2 + m g L)(1 − cosθ)
2.5 = 17.15 (1 − cosθ)
cosθ = 0.854,  θ ≈ 31.3°
```

टॉर्कने हे करता येत नाही असं नाही. पण टॉर्क कोनाबरोबर बदलतो, मग कोनीय त्वरण बदलतं, मग संकलन करावं लागतं, आणि ते संकलन केलं की हातात नेमकं हेच ऊर्जेचं समीकरण पडतं.

## आणि मग विचारतात, बिजागरीवर बल किती?

याच गणिताला हा उपप्रश्न जोडला की वर्गातले निम्मे अडतात, कारण आतापर्यंत त्या बलाला आपण दोनदा शिताफीने टाळलेलं असतं. आता टाळता येणार नाही. टक्कर संपली त्याच क्षणी, दांडी अजून उभी असताना, बिजागरी किती बलाने वर खेचते?

दांडीचा वस्तुमान मध्य ०.५ मीटरवर. तिथे केंद्राकडचं त्वरण ω²r, म्हणजे 4 × 0.5 = 2. चिखलाचं 4 × 1 = 4. म्हणून लागणारं जादा बल 3 × 2 + 0.25 × 4 = 7 न्यूटन. वजन ३१.८५ न्यूटन. बिजागरीचं बल वरच्या दिशेने ३८.८५ न्यूटन. आडवं बल त्या क्षणी शून्य, कारण बिजागरीभोवती टॉर्क नाही, म्हणून कोनीय त्वरण नाही, म्हणून आडवं त्वरणही नाही.

यात ω = 2 कुठून आला? कोनीय संवेगातून. बलाची पद्धत स्वतः वेग शोधत नाही, आधीच्या पद्धतीने दिलेला वेग घेऊन पुढे जाते. बहुतेक मोठ्या गणितांत हाच क्रम असतो.

झोक्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे ३१.३ अंशांवर दांडी क्षणभर थांबते तेव्हा "सगळं शून्य" असं लिहिलेलं मी खूप वेळा पाहिलं आहे. वेग शून्य आहे, टॉर्क नाही. 17.15 × sin 31.3° = 8.9, त्याला १.२५ ने भागलं की कोनीय त्वरण ७.१ रेडियन प्रति सेकंद वर्ग. ऊर्जेच्या समीकरणात त्वरण दिसतच नाही, म्हणून फक्त ऊर्जेनेच विचार करणाऱ्याला ते आठवत नाही.

वेळ विचारली तरी तसंच. ऊर्जेला उंची आणि वेग कळतात, घड्याळ कळत नाही. वर जायला किती वेळ लागला हे काढायचं तर टॉर्कचं समीकरण लिहून, कोन लहान धरून, दोलनाचा कालावधी काढावा लागतो. इथे तो सुमारे १.७ सेकंद येतो, त्याचा चौथा भाग ०.४२ सेकंद. कोन ३१ अंश असल्यामुळे खरी वेळ यापेक्षा साधारण दोन टक्के जास्त.

## निवडीचा क्रम

मी स्वतः या क्रमाने जातो:

1. क्षणात उरकणारं काही आहे का (टक्कर, झटका, अचानक पकडणं)? असेल तर तिथे रेघ मारून तुकडे करा. खालचे प्रश्न प्रत्येक तुकड्याला वेगळे विचारा.
2. त्या तुकड्यात बल, ताण, घर्षण, त्वरण किंवा वेळ विचारली आहे का? असेल तर बल आणि टॉर्क. वेग लागलाच तर तो दुसऱ्या पद्धतीने आधी काढून घ्या.
3. नसेल, तर प्रत्येक बलाचं कार्य मला सांगता येतं का (शून्य, mgh किंवा सरळ गुणाकार)? सांगता येत असेल तर ऊर्जा.
4. एखाद्या बलाचं कार्य सांगता येत नसेल, तर ते बल ज्यातून जातं असा बिंदू आहे का? आणि उरलेल्या बलांचा टॉर्क त्या बिंदूभोवती शून्य किंवा नगण्य आहे का? असेल तर त्या बिंदूभोवती कोनीय संवेग.
5. तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही प्रश्नांना "नाही" असेल तर पुन्हा बल आणि टॉर्क, आणि संकलनाची तयारी.

"नगण्य" हा शब्द आंधळेपणाने वापरू नका. समजा बिजागरी गंजली आहे आणि ०.५ न्यूटन-मीटर टॉर्कने अडवते. टक्करीच्या शंभराव्या सेकंदात तो ०.००५ एवढाच कोनीय संवेग खाईल, २.५ पुढे काहीच नाही. तिथे सोडून द्या. पण झोक्यात तोच टॉर्क पूर्ण कोनभर कार्य करतो. ते ऊर्जेतून वजा केलं तर उत्तर ३१.३ वरून सुमारे २९.६ अंशांवर येतं. एकच घर्षण, एका तुकड्यात सोडायचं, दुसऱ्यात मोजायचं.

## जिथे चौथा प्रश्न खरा कसोटीचा ठरतो

सपाट जमिनीवर एक भरीव चेंडू अजिबात न फिरता, नुसता घसरत, सेकंदाला ७ मीटर वेगाने सोडला. घर्षणामुळे तो हळूहळू फिरू लागतो आणि शेवटी न घसरता गडगडतो. तेव्हा वेग किती? घर्षण गुणांक दिलेला नाही.

गुणांक दिलेला नाही हे पाहून बरेच जण "माहिती अपुरी" असं लिहितात. वरच्या क्रमाने जा. आदळणं नाही. बल किंवा वेळ विचारलेली नाही. घर्षणाचं कार्य? चेंडू घसरतो आहे, तेव्हा कार्य होतंच, आणि किती ते थेट सांगता येत नाही. ऊर्जा बाद. मग घर्षण कशातून जातं? जमिनीच्या पृष्ठभागातून. म्हणून चेंडू ज्या रेषेने जातो त्या रेषेवरचा, जमिनीवरचा कुठलाही स्थिर बिंदू घ्या. घर्षणाचा टॉर्क शून्य. वजन आणि जमिनीची अभिलंब प्रतिक्रिया एकाच रेषेत, समान आणि विरुद्ध, म्हणून त्यांचे टॉर्क एकमेकांना खातात.

```
m v₀ R = m v R + (2/5) m R² (v/R) = (7/5) m v R
v = (5/7) v₀ = 5 m/s
```

उत्तरात गुणांक आलाच नाही. जमीन जास्त खरखरीत असो वा कमी, वेग ५ च. ऊर्जेचा २/७ भाग मात्र गेलेला असतो, म्हणजे इथे ऊर्जा टिकवणाऱ्याला ५.९ मिळाले असते. आणि कोणी विचारलं की गडगडायला किती वेळ लागला, तर लगेच घर्षणाचं बल लागतं, गुणांक लागतो: 2v₀/(7μg). गुणांक ०.२ असेल तर साधारण १ सेकंद. यावरून एक खूण लक्षात राहते: गणिताने गुणांक दिलेला नसेल तर बहुधा घर्षणाला गप्प बसवणारा बिंदू कुठेतरी आहे.

इथे बिंदू निवडताना होणारी चूक म्हणजे चेंडूचं केंद्र घेणं. केंद्राभोवती घर्षणाचा टॉर्क असतो, कोनीय संवेग शून्यापासून वाढत जातो, तो टिकत नाही. "कोनीय संवेग टिकतो" हे वाक्य "कोणत्या बिंदूभोवती" हे न सांगता अर्धवटच आहे. वहीत मी तेवढ्याने लाल रेघ मारतो, उत्तर बरोबर असलं तरी.

उलट्या दिशेची फसवणूकही असते. गुळगुळीत टेबलावर दोरीला बांधलेली चकती वर्तुळात फिरते आहे, दोरी टेबलाच्या मधल्या छिद्रातून खाली गेली आहे. खालून दोरी ओढून त्रिज्या निम्मी केली. ताण केंद्रातून जातो, म्हणून केंद्राभोवतीचा कोनीय संवेग टिकतो, वेग दुप्पट होतो, गतिज ऊर्जा चौपट. ताण वर्तुळाला लंब असतो म्हणून कार्य करत नाही, असं पाठ केलेलं असतं. पण त्रिज्या कमी होत असताना चकती आतही सरकते, आणि जादा ऊर्जा ओढणाऱ्या हातातून येते. ऊर्जा वाढलेली दिसली की तो हात शोधा. टक्करीत हात नसतो, त्यामुळे टक्करीनंतर ऊर्जा वाढलेली दिसली तर चूक नक्की तुमची.

## बिजागरी पुढे का ढकलते

राहिलेली गोष्ट. बिजागरी काढून टाका. तीच दांडी गुळगुळीत टेबलावर मोकळी आडवी ठेवा आणि तोच चिखल त्याच वेगाने तिच्या एका टोकावर लंब आदळू द्या. आता बाहेरचं बल नाही, म्हणून रेषीय संवेगही टिकतो: वस्तुमान मध्याचा वेग 2.5/3.25 = 0.77. वस्तुमान मध्य दांडीच्या मध्यापासून चिखलाच्या बाजूला ३.८ सेंटिमीटर सरकतो. त्याच्याभोवतीचा कोनीय संवेग १.१५४, जडत्व आघूर्ण ०.३०८, म्हणून कोनीय वेग ३.७५. आता दुसऱ्या टोकाचा वेग काढा:

```
0.77 − 3.75 × 0.538 ≈ −1.25 m/s
```

ऋण. म्हणजे मोकळं टोक मागे जातं. टांगलेल्या दांडीत बिजागरी त्या टोकाला मागे जाऊ देत नाही, म्हणून ती पुढे ढकलते, आणि तोच तो १ न्यूटन-सेकंद. चिखल बिजागरीपासून दांडीच्या दोन-तृतीयांश अंतरावर, इथे ६७ सेंटिमीटरवर, आदळला असता तर ते टोक हलायचा प्रयत्नच करत नाही आणि बिजागरीचा आवेग शून्य येतो. चिखलाचं वस्तुमान कितीही घ्या, अंतर तेच. फक्त त्या एका ठिकाणी आदळला तर २२ अंशवाल्याची रेषीय संवेगाची पद्धतही बरोबर उत्तर देते.